आवाज फाटतो की बुडतो? आधी गेन, मग सप्रेशन

राम राम मंडळी! मागच्या व्हिडिओखाली अर्ध्या कमेंट एकच: "भाऊ, नॉइज सप्रेशन लावलं की आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो." आणि एकाने लिहिलंय, "आधी शर्ट बदला." बदलला!

माइक जोडणं, ओबीएसमध्ये निवडणं तुम्हाला येतंच. पुढे जाऊ.

भुसावळच्या एका मित्राचं उदाहरण घ्या. मे महिना, पारा 45 च्या पुढे, कूलर बंद करायची सोयच नाही. माइक दोन फूट लांब, म्हणून गेन पूर्ण वर. साधं बोलताना ठीक, पण हसला की आवाज फाटतो. मग तो ओबीएसच्या मिक्सरमधला स्लायडर खाली ओढतो. अरे बाबा, तिथे नाही! आवाज फाटतो तो माइकच्या आतच, 0 डीबीला लाटेचं टोक कापलं जातं तेव्हा. करपलेली भाकरी तव्यावरून काढली तरी करपलेलीच राहते. पटत नसेल तर ते रेकॉर्डिंग ऑडॅसिटीमध्ये उघडून झूम करा. स्लायडर कितीही खाली असू दे, लाटांची डोकी सपाटच दिसतील. म्हणजे मिक्सरचा मीटर हिरवा दिसतो म्हणून आवाज शाबूत आहे, असं समजू नका.

गेन कमी करायचा तो माइकच्या बटणावर. बटण नसेल तर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये, Input volume ला. मिक्सरचा स्लायडर 0 वर ठेवून जोरात हसून बघा. साधं बोलणं पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे -20 ते -9 मध्ये, आणि हसणं लाल पट्ट्याला जेमतेम शिवेल इतपत.

आता कूलर. माइक दोन फुटांवरून सहा इंचांवर आणा, तोंडासमोर नाही, जरा बाजूला. तुमचा आवाज साधारण 12 डीबीने वाढतो, कूलर होता तिथेच राहतो. मग गेन 12 डीबी खाली घ्या. आवाज पहिल्याइतकाच, कूलर मात्र 12 डीबीने कमी! कार्डिऑइड माइक असेल तर त्याची पाठ कूलरकडे करा.

एवढं झाल्यावरच सप्रेशन. कूलरची घरघर बोलण्याच्या जवळपास असली की फिल्टरला दोन्ही वेगळं करता येत नाही. मग तो 'स', 'श' आणि शब्दांची शेवटं खातो, तोच पाण्यातला आवाज. RNNoise ला कमी-जास्त करायचा स्लायडर नसतो. त्याने आवाज बुडत असेल तर Speex घ्या आणि -30 वरून -15 वर आणा. थोडी घरघर राहिली तर राहू द्या. उन्हाळ्यात जळगावला कूलर आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

आणि सप्रेशन एकाच ठिकाणी हं! विंडोजचं, मीटिंगच्या अ‍ॅपचं आणि ओबीएसचं, तिन्ही चालू ठेवून मला स्क्रीनशॉट पाठवू नका. कंप्रेसर लावत असाल तर तो फिल्टरच्या यादीत सप्रेशनच्या खाली ठेवा. वर ठेवलात तर तो आधी कूलरच उचलून धरतो.