लिफ्ट, बेसमेंट आणि गायब झालेला शून्य

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली अर्ध्या जणांचं एकच म्हणणं होतं, "मॅडम, पूर्णांकांची वजाबाकी पोरांच्या डोक्यात शिरत नाही, काहीतरी खेळ सांगा." घ्या खेळ.

(मागच्या दाराकडे बोट) ही आमची इमारत. दारावर खडूने उभी रेघ मारली. मधोमध ०, म्हणजे तळमजला. वर १ ते ५, खाली −१ ते −४. सोडावॉटरच्या बाटलीचं झाकण म्हणजे लिफ्ट. वर धन, खाली ऋण. हे सगळ्यांना येतं, पुढे चला.

आता खरी गंमत. माझा भाचा सहावीत आहे. मे महिन्यात आम्ही एका दुकानाच्या बेसमेंटमधून लिफ्टने वर निघालो. बाहेर नागपूरचं ऊन, खाली जरा गारवा, म्हणून साहेब खुशीत. बटणं होती बी-टू, बी-वन, जी, एक, दोन, तीन. मी विचारलं, "−२ वरून ३ वर जायला किती मजले चढलो?" म्हणाला, "पाच." शाबास! एकदम बरोबर.

घरी आल्यावर विचारलं, "अन् −२ वरून −१ वर?" म्हणतो, "दोन." अरे बाप्पा! म्हटलं, आता बोटाने मोजून दाखव. झाकणावर बोट ठेवून म्हणाला, "−२ एक, −१ दोन." म्हणजे जिथे उभा आहे तो मजलाही मोजला. मग तिथे पाच कसं आलं? कारण "जी"वर आकडा नव्हता, म्हणून तो मजला त्याने गाळला. एक चूक एकाने वाढवते, दुसरी एकाने कमी करते, आणि उत्तर बरोब्बर येतं! पेपरात पूर्ण गुण मिळाले असते.

म्हणून सांगते, शून्य ओलांडणारं एकच उदाहरण देऊन खूश होऊ नका. −४ ते −१ असं तळमजल्याखालचंच एक द्या. पोरगं चार म्हणालं, तर ते मजले मोजतंय, उड्या नाही. उभे आहात तो मजला मोजायचा नाही, झाकण उचलून टेकवलं की एक. जिन्याचंच बघा, तळमजल्यावरून पहिल्यावर जाताना तुम्ही एकच मजला चढता, दोन नाही. तरी पटत नसेल तर विचारा, "लिफ्ट हललीच नाही तर किती मजले?" जो एक म्हणेल, त्याला तिथेच पकडा.

आता वजाबाकी. चिठ्ठ्यांवर −४ ते ५ लिहा आणि दोन उचला. पहिली चिठ्ठी म्हणजे जायचं कुठे, दुसरी म्हणजे उभे कुठे. ३ आणि −२ आल्या, तर लिहायचं ३ − (−२). उभे −२ वर, जायचं ३ वर, पाच उड्या वर, उत्तर ५. चिठ्ठ्या उलट्या आल्या तर (−२) − ३. उभे ३ वर, जायचं −२ वर, उड्या तेवढ्याच पण खाली, म्हणून −५. खात्री करायची तर साधं ५ − २ करून बघा. दोनवरून पाचवर, तीन वर. जमतंय ना?

एका दादांनी लिहिलंय, "एवढं कशाला, मायनस मायनस प्लस सांगून मोकळं व्हा." दादा, मोकळे तुम्ही व्हाल, पोरगं अडकतं! मग ते −२ − ३ मध्येही दोन मायनस बघतं आणि +५ लिहून मोकळं होतं. अशा वह्या मी ढिगाने तपासल्यात. झाकण हातात असलं की ते वर जाऊच शकत नाही.

एका ताईंची नात अमेरिकेत असते, तिकडे तळमजल्यालाच बहुतेक १ म्हणतात. ताई, नातीला म्हणावं, दारावरची रेघ नागपूरचीच ठेव! शून्य नसलेल्या इमारतीत हा खेळ चालत नाही. आणि (−२) × (−३) साठीही लिफ्ट वापरू नका. ओढूनताणून जमवतात लोक, पण पोरं अजूनच गोंधळतात.

हां, गुण राहिले. आलेलं उत्तर हेच गुण, पाच डावांची बेरीज करायची. शेजारची पोरगी −३ वर संपली आणि मला म्हणते, "काकू, शून्य लिहा ना, त्याच्या खाली कोणी नापास होतं का?" मी म्हटलं, लिहिते, पण आधी शून्यावर यायला किती उड्या लागतील ते सांग. तिने झाकण उचललं, −३ वर ठेवलं आणि मोजलं, "एक, दोन, तीन."

उभी होती तो मजला मोजला नाही!