किल्ली नव्हे, उघडे कुलूप

विद्यार्थी मित्रहो, कुलूप लावणाऱ्याला स्वतःलाच ते पुन्हा उघडता येऊ नये, अशी व्यवस्था केवळ आकड्यांच्या साहाय्याने कशी करता येते, हे आज सांगण्याचे मी कबूल केले आहे. त्यासाठी शाळेतला गुणाकार आणि भागाकार पुरेसा आहे. परंतु त्याआधी पेटीविषयी बोलणे भाग आहे, कारण पेटीचा दृष्टान्त ज्या रीतीने सर्रास सांगितला जातो, त्यातून नेमकी मूळ अडचणच नजरेआड होते, असे माझे बऱ्याच वर्षांचे मत आहे.

अडचण अशी. अनघाला वसंतकडे एक गुप्त निरोप पाठवायचा आहे. दोघे कधी भेटलेले नाहीत, आणि मधला निरोप्या हातात पडलेली प्रत्येक गोष्ट निरखून पाहणारा आहे. निरोप पेटीत घालून कुलूप लावता येईल. पण मग किल्ली कशी पाठवायची? ती त्याच निरोप्याच्या हाती दिली तर कुलपाला अर्थ उरत नाही, आणि ती दुसऱ्या पेटीत बंद करून पाठवली तर त्या दुसऱ्या पेटीच्या किल्लीचा प्रश्न तसाच शिल्लक राहतो.

यावर बहुतेक ठिकाणी जे उत्तर सांगितले जाते ते दोन कुलपांचे आहे. अनघा पेटीला आपले कुलूप लावून ती पाठवते. वसंत ते उघडू शकत नाही, म्हणून तो त्याच कोयंड्याला आपलेही एक कुलूप अडकवतो आणि पेटी परत पाठवतो. अनघा आपले कुलूप काढून घेते. आता पेटीला फक्त वसंतचे कुलूप उरते, ते तो आपल्या किल्लीने उघडतो. एकही किल्ली निरोप्याच्या हाती गेली नाही, आणि पेटी एक क्षणही उघडी राहिली नाही. ऐकणाऱ्याचे पूर्ण समाधान होते, आणि माझी तक्रार त्या समाधानाविषयीच आहे.

काही वर्षांपूर्वी मी हेच उत्तर वर्गात सांगत असताना इतिहास शिकणारी एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, ‘सर, लाकडी पेटीचे समजले, पण आपण तर आकडे पाठवणार आहोत. मग हे आकड्यांनी करून पाहू या.’ तिने स्वतःसाठी कुलूप ठरवले: निरोपाच्या आकड्यात एक गुप्त संख्या मिळवणे म्हणजे कुलूप लावणे, आणि तीच संख्या वजा करणे म्हणजे कुलूप काढणे. भिंतीजवळच्या बाकावरचा एक जण वसंत झाला, आणि दोघांच्या मधल्या बाकावर बसलेल्या मुलाकडे निरोप्याचे काम आले.

तिचा निरोप होता ७. तिने त्यात आपली गुप्त संख्या २० मिळवली आणि चिठ्ठीवर २७ लिहून पाठवले. पलीकडच्या मुलाने त्यात आपले ३५ मिळवून ६२ परत पाठवले. तिने आपले २० वजा केले आणि ४२ पाठवले. त्याने आपले ३५ वजा केले, आणि त्याला ७ मिळाले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मधल्या बाकावरचा निरोप्या शांतपणे म्हणाला, ‘निरोप सात आहे.’ त्याने प्रत्येक चिठ्ठी पुढे देण्यापूर्वी वहीत उतरवून घेतली होती. पहिल्या आणि तिसऱ्या चिठ्ठीची बेरीज ६९ येते, आणि त्यातून दुसरीतले ६२ वजा केले की ७ उरतात. पहिल्या चिठ्ठीत निरोप आणि अनघाचे कुलूप होते, तिसरीत निरोप आणि वसंतचे कुलूप होते, आणि दुसरीत निरोपासह दोन्ही कुलपे होती. वजाबाकीत दोन्ही कुलपे आपोआप गळून पडली.

ती वही आजही मला डोळ्यांसमोर दिसते, कारण लाकडी पेटी आणि आकडा यांतला फरक त्या तीन ओळींत संपूर्ण मांडला गेला होता. लाकडी पेटी एका वेळी एकाच ठिकाणी असते. ती पुढे गेली की निरोप्याच्या हाती काही राहत नाही. आकड्याचे तसे नाही. तो पुढे जातो आणि मागेही राहतो. म्हणून पेटीच्या दृष्टान्तातले लाकूड आपल्या काही कामाचे नाही, आणि सगळा भार कुलपावर येतो: ज्याच्याजवळ बंद पेटीची नक्कल कायमची आहे आणि हवा तेवढा वेळ आहे, अशा माणसासमोर ते टिकले पाहिजे. बेरजेऐवजी घातांकाचे कुलूप वापरून दोन कुलपांची पेटी ऐकणाऱ्यापासून सुरक्षित करता येते, हे खरे. पण पेटीला तीन फेऱ्या कराव्या लागतात, आणि आजचा आपला मार्ग तो नाही.

आपला मार्ग याहून सोपा आहे. किल्लीवाचून, नुसते दाबले की बंद होणारे कुलूप तुम्ही पाहिले असेल. वसंत अशी कुलपे तयार करतो, ती उघड्या स्थितीत मागेल त्याला वाटतो, आणि त्यांची एकच किल्ली स्वतःजवळ ठेवतो. अनघा असे एक कुलूप घेते, निरोप पेटीत ठेवते आणि कुलूप दाबते. त्या क्षणापासून ती स्वतःही पेटी उघडू शकत नाही. किल्लीला प्रवास करावाच लागत नाही. प्रवास करते ते उघडे कुलूप, आणि ते निरोप्याने पाहिले, त्याची नक्कल ठेवली, तरी बिघडत नाही.

इथे मला नावाविषयी थोडे बोलायचे आहे. या पद्धतीला इंग्रजीवरून ‘पब्लिक की’ म्हणतात आणि आपणही तिचे ‘सार्वजनिक किल्ली’ असे भाषांतर करून मोकळे झालो. जी वस्तू सर्वांना वाटली जाते, ती कामाच्या दृष्टीने किल्ली नाहीच; ती उघडे कुलूप आहे. ‘सार्वजनिक किल्लीने बंद केलेले खासगी किल्लीने उघडते’ हे वाक्य पाठ केलेला विद्यार्थी हमखास विचारतो की, किल्ली सर्वांजवळ असेल तर गुप्त काय राहिले? त्याची शंका रास्त असते, चूक नावाची असते. याच किल्लीने सहीची खातरजमा करता येते, तेव्हा ती नुसते कुलूपही उरत नाही, हे मला मान्य आहे. पण पहिल्या दिवशी विद्यार्थ्याच्या हाती कुलूपच दिले पाहिजे.

असे कुलूप असू शकते हे सुचणे आणि ते प्रत्यक्ष घडवणे यांत किती अंतर आहे, हे इतिहासातून दिसते. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्त संस्थेत जेम्स एलिस यांना १९७० च्या सुमारास ही कल्पना सुचली होती, परंतु कुलूप कशाचे करायचे हे त्यांना सापडले नाही. ते १९७३ मध्ये त्याच संस्थेतील क्लिफर्ड कॉक्स यांना सापडले, आणि ही हकिकत १९९७ पर्यंत जगाला कळली नाही. दरम्यान अमेरिकेत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये ही कल्पना उघडपणे मांडली, आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी असे कुलूप तयार केले. त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला आरएसए म्हणतात.

आता वेळ थोडा उरला आहे आणि कबूल केलेली गोष्ट अजून बाकी आहे, म्हणून ते कुलूप थेट फळ्यावर घडवू. वसंत दोन मूळ संख्या घेतो, ३ आणि ११. त्यांचा गुणाकार ३३. दोन्हींतून एकेक वजा करून, म्हणजे २ आणि १० यांचा, गुणाकार तो वेगळा ठेवतो: २०. मग २० शी एकही सामाईक अवयव नसलेली एक संख्या निवडतो, समजा ३. आणि जिला ३ ने गुणून २० ने भागले असता बाकी १ उरते अशी संख्या शोधतो. ती ७ आहे, कारण तीन सत्ते एकवीस. वसंत ३३ आणि ३ जाहीर करतो. हे उघडे कुलूप. ७ स्वतःजवळ ठेवतो, ही किल्ली.

अनघाचा निरोप ४ आहे. ती ४ चा तिसरा घात करते, ६४ येतात, आणि ३३ ने भागून उरलेली बाकी ३१ पाठवते. वसंतने ३१ चा सातवा घात करून ३३ ने भागायचे आहे. ३१ हे ३३ हून दोनाने कमी, म्हणून त्याजागी उणे २ घेतले तरी बाकी तीच येते. उणे २ चा सातवा घात उणे १२८. त्यात ३३ ची चौपट, म्हणजे १३२, मिळवले की ४. निरोप परत मिळाला.

निरोप्याला ३३, ३ आणि ३१ हे तिन्ही आकडे ठाऊक आहेत. त्याला ७ हवे, ७ साठी २० हवे, आणि २० साठी ३३ चे अवयव हवेत. ३३ चे अवयव कोणीही सांगेल, म्हणून हे कुलूप खेळण्यातले आहे. खऱ्या व्यवहारात ३३ च्या जागी सहसा ६१७ अंकी संख्या असते. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार संगणक क्षणार्धात करतो, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे अतिशय कठीण आहे. २०२० मध्ये जी २५० अंकी संख्या फोडली गेली, तिच्यासाठी असंख्य संगणक एकाच वेळी राबवावे लागले. हे काम कायम कठीणच राहील, असे मात्र कोणी सिद्ध केलेले नाही, आणि पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला तर ते कठीण राहणार नाही, हे १९९४ पासून माहीत आहे.

आणखी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय थांबता येत नाही. पहिली अशी की उघडे कुलूप निरोप्याजवळही आहे. समजा उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच असू शकते, ‘हो’ म्हणजे ४ आणि ‘नाही’ म्हणजे ५. निरोप्या दोन्ही निरोप स्वतःच बंद करून पाहतो: ४ चे ३१ होतात, ५ चे १२५ आणि बाकी २६. अनघाकडून ३१ आले, म्हणजे उत्तर ‘हो’. कुलूप न फोडता निरोप कळला. म्हणून प्रत्यक्षात निरोपाबरोबर दर वेळी नवे, यादृच्छिक आकडे मिसळूनच पेटी बंद करतात, म्हणजे तोच निरोप दोनदा पाठवला तरी बंद पेट्या एकसारख्या दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट कुलपाच्या मालकीची. अनघाच्या हाती पडलेले कुलूप वसंतचेच आहे, हे तिला कसे कळावे? निरोप्याने वाटेत ते बदलून आपले दिले, पेटी उघडून निरोप वाचला आणि मग वसंतचे खरे कुलूप लावून ती पुढे धाडली, तर दोघांनाही पत्ता लागणार नाही. यातले अंकगणित कुठेच चुकत नाही, तरी निरोप फुटतो. यावर उपाय म्हणून काही संस्था ‘हे कुलूप अमक्याचे’ असे प्रमाणपत्र सही करून देतात, आणि कोणत्या संस्थांच्या सह्या मानायच्या याची यादी आपल्या ब्राउझरला आधीच दिलेली असते. २०११ मध्ये डिजिनोटार या डच संस्थेच्या यंत्रणेत घुसखोरांनी शिरून गूगलच्या नावाचेही खोटे प्रमाणपत्र बनवले, आणि प्रामुख्याने इराणमधील लोकांच्या पेट्या अशा बदललेल्या कुलपांनी बंद होऊ लागल्या. हे उघडकीस आल्यावर ब्राउझर बनवणाऱ्यांनी त्या संस्थेचे नाव आपल्या यादीतून काढून टाकले, आणि काही आठवड्यांतच तिने दिवाळे काढले.