स्वप्नात हिरवी साडी नेसलेला मुलगा

(बेळगावातल्या एका वाचनालयात पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, आज मी माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका मुलाबद्दल बोलणार आहे. त्याची ओळख पटू नये म्हणून गाव, वय, घरची माणसं यांत थोडे बदल केलेत. गोष्ट मात्र आपल्या भागातली, आणि आपल्याच भागात घडू शकेल अशी आहे.

हुक्केरीकडचा, नुकता अकरावीला गेलेला मुलगा. वैशाखात त्याच्या अक्काचं लग्न झालं आणि ती निपाणीकडे सासरी गेली. मार्गशीर्षाच्या पुनवेला सगळं घर जीप करून सौंदत्तीला यल्लव्वाच्या दर्शनाला जाऊन आलं. त्यानंतरच्या पंधरवड्यात त्याला तीनदा एकच स्वप्न पडलं. आपण हिरवी साडी नेसलोय, कोपरापर्यंत बांगड्या आहेत, आई आपली वेणी घालतेय आणि सगळे आपल्याला अक्काच्या नावानं हाक मारतायत. स्वप्नात त्याला याचं जराही नवल वाटलं नाही. जागा झाल्यावर त्यानं पहिल्यांदा छातीवर हात फिरवून बघितला.

तो आजीजवळ झोपायचा, म्हणून त्यानं आजीलाच सांगितलं. आजीचा चेहरा पडला. ती देव्हाऱ्याकडे गेली, चिमूटभर भंडारा आणून तिनं त्याच्या कपाळाला लावला आणि म्हणाली, "यल्लव्वाचं बोलावणं आलंय पोराला."

सीमाभागात या वाक्याचं वजन किती असतं, ते तुम्हाला सांगायला नको. केसांत जट दिसली, अंगावर चट्टा उठला, मुलगा बायकी हावभाव करतो असं कुणाला वाटलं, की त्याला देवीचा कौल मानणारी घरं आजही आहेत. मग साडी नेसून, डोक्यावर देवीचा जग घेऊन जोगवा मागत फिरणाऱ्या, देवीला सोडलेल्या जोगप्पांची आठवण निघते. घरात दोन तट पडले. आजी आणि एक लांबची मावशी म्हणाली, देवीची खोड काढू नका, पोराला एकदा डोंगरावर घेऊन जा. वडिलांनी मुलाचा मोबाईल काढून घेतला, "असलं काय बघतोस त्यात?" म्हणून थोबाडीत मारली आणि आईला बजावलं, की हा विषय घरात पुन्हा निघता कामा नये.

दोन्ही बाजूंनी प्रेमापोटीच हे केलं. पण दोघांनीही एकच चूक केली. स्वप्नाचा अर्थ त्यांनी मुलाला विचारायच्या आधीच ठरवून टाकला.

पुढे काय झालं ते ऐका. मुलगा झोपेला भिऊ लागला. पहाटे तीनचा गजर लावून उठून बसायचा, दिवा लावून अभ्यास करतोय असं दाखवायचा. आठवड्याभरात स्वप्नं कमी व्हायची सोडून वाढली, जास्त ठसठशीत झाली. घरच्यांना वाटलं, देवी कोपली. त्यामागचं कारण झोपेत होतं.

रात्रभरात आपली झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी जाते. प्रत्येक फेरीच्या शेवटी एक टप्पा येतो. त्यात डोळे पापण्यांखाली भराभर हलतात, मेंदू जागेपणाइतका कामात असतो आणि हातापायाचे स्नायू मात्र लुळे पडलेले असतात. हा टप्पा १९५३ साली शिकागोत नोंदला गेला. ठळक, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक याच टप्प्यात पडतात. रात्र पुढे सरकते तसा हा टप्पा लांबत जातो. पहाटेचा सगळ्यात मोठा असतो आणि आपण पुष्कळदा त्यातूनच जागे होतो. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपल्याकडे म्हणतात ना, त्यामागे एवढंच आहे, की पहाटेचं स्वप्न लक्षात राहतं. हा टप्पा काही रात्री मोडला, की मेंदू पुढच्या झोपेत त्याची भरपाई करतो आणि स्वप्नं जास्त दाट पडतात. आपल्या गोष्टीतल्या मुलाच्या गजरानं नेमकं हेच केलं होतं.

भर म्हणून घरच्यांनी "त्याचा विचारच करू नकोस" असं बजावलं होतं. २००४ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. काही लोकांना झोपण्याआधी ओळखीच्या एखाद्या माणसाचा विचार मनात येऊ द्यायचा नाही असं सांगितलं. त्या रात्री तोच माणूस त्यांच्या स्वप्नात अधिक आला. दिवसा दाबलेलं रात्री वर येतं, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं.

आता खरा प्रश्न. मुलाला स्वप्नात मुलीचं अंग मिळालंच कसं? मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून जरा थांबून सांगते.

"हे माझं शरीर" ही जाणीव आपल्याला इतकी पक्की वाटते, की ती जन्मजात कोरलेली असावी. ती तशी नाही. मेंदू ती क्षणोक्षणी तयार करत असतो. डोळ्यांना काय दिसतंय, कातडीला काय लागतंय, सांधे कुठल्या स्थितीत आहेत, यांचा मेळ घालून तो ठरवतो, की हा हात माझा. १९९८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाचा खरा हात आडोशामागे ठेवला, समोर रबराचा हात ठेवला आणि दोन्ही हातांवर एकाच वेळी ब्रशनं हलकेच फिरवलं. थोड्याच वेळात बऱ्याच जणांना वाटू लागलं, की तो रबराचा हातच आपला आहे. शहाणीसुरती, जागी माणसं.

२०२० साली स्टॉकहोममधल्या संशोधकांनी याच्याही पुढचं बघितलं. चित्र दाखवणारा छोटा पडदा चष्म्यासारखा डोळ्यांवर चढवून त्यांनी लोकांना असं दाखवलं, की खाली मान घातली तर स्वतःच्या जागी विरुद्ध लिंगाच्या माणसाचं शरीर दिसावं, आणि त्या शरीराला स्पर्श होताना त्याच क्षणी त्यांनाही स्पर्श केला. ते शरीर आपलं आहे असं वाटू लागलं, तेव्हा आपण किती पुरुष, किती बाई याबद्दलची त्यांची जाणीवही थोडी मधल्या बाजूला सरकली. ही माणसं कुठल्या गोंधळात नव्हती, रुग्णही नव्हती.

जागेपणी ही गत, तर झोपेत काय होईल? तेव्हा डोळे मिटलेले, स्पर्श मंदावलेला, स्नायू सैल, आणि "अरे, हे कसं शक्य आहे?" असं विचारणारा मेंदूचा पुढचा भाग थंडावलेला. दुरुस्त करणारं कुणी जागं नसतं. मेंदू आठवणींतून जे शरीर उभं करेल, ते आपलंच वाटतं. म्हणून स्वप्नात आपण उडतो, लहान होतो, मेलेल्या काकांच्या चपला घालून शेतात जातो, आणि कधी बाईचे पुरुष, पुरुषाचे बाई होतो. परकाया प्रवेशाच्या कथा आपल्याकडे उगीच टिकल्या नाहीत. आपल्या संतांनीही पुरुष असून गौळणी आणि विराण्या बाईच्या तोंडून लिहिल्या, आणि आपण टाळ घेऊन त्या म्हणतो.

एकट्या स्वप्नावरून माणसाची लिंगओळख कळत नाही, ना या बाजूची ना त्या बाजूची. मग कळतं कशावरून?

मुलगा आईबरोबर माझ्याकडे आला तेव्हा मी आधी झोपेची घडी बसवली. गजर बंद, साडेदहाला अंथरुणावर, आणि उशाशी एक वही. स्वप्न पडलं तर सकाळी चार ओळी लिहायच्या. अर्थ लावायचा नाही. फक्त दोन गोष्टी नोंदवायच्या : स्वप्नात कसं वाटत होतं आणि जागं झाल्यावर कसं वाटलं. तीन आठवडे.

वहीतून जे निघालं ते असं. स्वप्नात त्याला बरं वाटायचं. आई वेणी घालते तो भाग सगळ्यात आवडायचा. जागं झाल्यावरची भीती "मी मुलगा आहे" याची नव्हती. आजीला काय वाटेल आणि बाबा मारतील याची होती. दिवसा स्वतःच्या अंगाचा, मिसरूड फुटण्याचा, घोगऱ्या आवाजाचा त्याला त्रास होत नव्हता. मुलगा म्हणून हाक मारलेली खटकत नव्हती. मी विचारलं, "अक्का गेल्यापासून आई वेणी कुणाची घालते?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "कुणाचीच नाही. ती संध्याकाळी नुसती बसून असते."

त्याच्या बाबतीत स्वप्न अक्काच्या रिकाम्या जागेबद्दल होतं. पण प्रत्येकाचं तसंच असेल असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं हीसुद्धा एक घाईच.

माझ्याकडे आणखी एक व्यक्ती यायची, बेळगाव शहरातली, एकोणीस वर्षांची, जन्मानं मुलगी. तिलाही स्वप्नात आपण पुरुष असल्याचं दिसायचं. स्वप्नात सुटल्यासारखं वाटायचं आणि जाग आली की रडू यायचं. पण स्वप्न ही त्यातली सगळ्यात लहान गोष्ट होती. सहावी-सातवीपासून दिवसाढवळ्या, रोज, स्वतःच्या अंगाशी न जुळणं होतं. पाळीच्या दिवसांत शाळा बुडायची, आरशासमोर उभं राहवत नव्हतं, मुलीसारखी हाक आली की पोटात गोळा यायचा. डॉक्टर वापरतात त्या निकषांतही असंच आहे. अमेरिकी निकषांत अशी न जुळणारी जाणीव किमान सहा महिने टिकलेली आणि तिचा त्रास जगण्यात जाणवणारा असावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली वर्गवारी तर ही गोष्ट मानसिक आजारांत धरतच नाही, आणि निव्वळ वागण्याच्या किंवा आवडीच्या वेगळेपणावरून निदान करू नये असं बजावते. एकोणीस वर्षांच्या त्या व्यक्तीला मी "हे जाईल" असं कधी म्हटलं नाही. तसं म्हणून उपचार करणं, म्हणजे ओळख बदलायला लावणारा उपचार, भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

कुणी तुम्हाला "औषधानं, शॉकनं, लग्नानं सरळ करून देतो" म्हणालं, तर उठून या.

जोगप्पांबद्दलही बोलायला हवं, कारण आजीची भीती तिथून आली होती. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना स्वतःची ओळख लहानपणापासून जाणवलेली असते आणि त्यांना देवीच्या आधारानं समाजात जागा मिळाली. मंजम्मा जोगती यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी त्यांचं आयुष्य पहिल्यांदा नीट ऐकलं. त्या ओळखीत लाजिरवाणं काही नाही. पण सोळा वर्षांच्या पोराच्या तीन स्वप्नांवरून घरानं त्याचा निकाल लावणं ही वेगळी गोष्ट. कर्नाटकाचा १९८२ चा देवदासी बंदीचा कायदा बाईबद्दलच बोलत होता. मुलग्याला कुणी देवीला सोडायला निघालं तर घरच्यांच्या शहाणपणावर पुष्कळ काही येऊन ठरतं.

आजीला मी विज्ञान सांगितलं नाही. तिला विचारलं, "आजी, तुम्हाला कधी स्वप्नात पोरगा झाल्यासारखं वाटलं?" ती हसली. लहानपणी आपण भावाची चड्डी घालून विहिरीत सूर मारतोय असं स्वप्न तिला कित्येकदा पडायचं म्हणे. कुणाला सांगितलं नव्हतं. "मग देवीनं तुम्हाला कुठं बोलावलं?" यावर तिनं नातवाकडे बघितलं आणि त्याच्या कपाळावरचा भंडारा पदरानं पुसला.

पुढच्या पुनवेला ती सौंदत्तीला गेली, नवस न बोलता, नुसतं दर्शन घ्यायला. वडिलांना वेळ लागला. त्यांनी मोबाईल परत दिला, आणि महिन्यातून एकदा मुलाला मोटरसायकलवर घालून निपाणीला अक्काकडे नेऊ लागले. वहीची पानं चैत्रापर्यंत विरळ होत गेली. शेवटच्या भेटीत तो म्हणाला, "मॅडम, ते स्वप्न परवा परत पडलं. पण या वेळी वेणी अक्काची होती, आणि मी मागं बसून गजरा धरला होता." आणि मग त्यानं मला विचारलं, की हे वहीत लिहिलं नाही तर चालेल का.

घरी कुणाची झोप उडाली असेल आणि कुणाशी बोलावं कळत नसेल, तर सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे.