पट्टी, पोकळी आणि पन्नास हर्ट्झ

पडद्यावर दिसतो आहे तो अमळनेर तालुक्यातील एका घराचा ओटा. याच घराच्या आतल्या खोलीत, मे महिन्याच्या एका दुपारी, जिनिंगच्या वजनकाट्यावर काम केलेल्या एका माणसाने कापसाच्या वजनात घट कशी धरली जाते, हे आम्हाला सांगितले. चेहरा दाखवायचा नाही आणि आवाज ओळखू येता कामा नये, एवढीच त्याची अट होती. चेहऱ्याचे काम सोपे होते, कारण त्याला आम्ही खिडकीकडे पाठ करून बसवले. ही चित्रफीत आहे ती आवाजाच्या कामाची.

आधीच सांगितलेले बरे की त्या माणसाचा मूळ आवाज या चित्रफितीत कुठेही नाही. नमुन्यासाठी जो आवाज ऐकू येईल, तो आमच्या ध्वनिमुद्रकाचा आहे.

माणसाचा आवाज दोन ठिकाणी घडतो. स्वरतंतू सेकंदाला किती वेळा कंप पावतात, यावर आवाजाची पट्टी ठरते. प्रौढ पुरुषांत ही संख्या साधारणपणे १०० ते १३० हर्ट्झच्या आसपास असते. हा नाद पुढे घसा आणि तोंडाच्या पोकळीतून बाहेर येतो, आणि ती पोकळी काही ठरावीक कंपनांना उचलून धरते. या उचललेल्या जागांना फॉर्मंट म्हणतात. पुरुषाची ही नळी स्वरतंतूंपासून ओठांपर्यंत सुमारे १७ सेंटिमीटर असते, आणि जीभ सैल ठेवून उच्चारलेल्या स्वराचे पहिले तीन फॉर्मंट साधारण ५००, १५०० आणि २५०० हर्ट्झला पडतात. पट्टी गाताना आपण हवी तशी बदलतो. नळीची लांबी मात्र शरीराबरोबर मिळालेली असते. म्हणूनच ओळखीचा माणूस सर्दीने घोगरा झाला, तरी फोनवर आपण त्याला ओळखतो.

आता पहिला प्रयत्न ऐका. ध्वनिमुद्रकाचा आवाज सरासरी १२० हर्ट्झचा आहे. रेकॉर्ड हळू फिरवावी तसा तो खाली ओढला, पेटीवरच्या लागून असलेल्या चार पट्ट्यांइतका, आणि लांबलेला वेळ पुन्हा आखडून घेतला. सरासरी ९५ वर आली आणि त्याच प्रमाणात फॉर्मंटही खाली सरकले. बातम्यांत लपवलेल्या साक्षीदाराचा जो राक्षसी आवाज ऐकायची आपल्याला सवय झाली आहे, तो हाच. यातला पहिला दोष कानालाच कळतो: ‘स’ची सळसळ खाली उतरून ‘श’च्या जागी येते, आणि ‘सात क्विंटल’ हे ‘शात क्विंटल’ ऐकू येते. आकड्यांवरच उभ्या असलेल्या साक्षीत हे परवडणारे नाही.

दुसरा दोष ऐकू येत नाही, दिसतो. पडद्यावर याच तुकड्याचा वर्णपट आहे, म्हणजे आवाजात कोणत्या क्षणी किती हर्ट्झची कंपने आहेत हे दाखवणारे चित्र. अगदी तळाशी ४०, ८० आणि १२० हर्ट्झच्या आसपास तीन बारीक, सरळ रेषा आहेत. बोलणारा थांबला तरी त्या तशाच चालू राहतात. ही विजेची गुणगुण आहे. चार्जर जोडलेला होता आणि ती माइकच्या केबलमध्ये शिरली. भारतातील वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे या रेषा ५०, १०० आणि १५० वर असायला हव्या होत्या. त्या जिथे आहेत, तिथून आवाज किती खाली ओढला, हे शाळकरी भागाकाराने निघते. तेवढाच तो वर ओढला की मूळ आवाज जवळजवळ जसाच्या तसा परत मिळतो. कुलूप लावून किल्ली त्याच दाराला टांगावी, तसा हा प्रकार झाला.

मुलाखत घेणाऱ्याचा आवाजही अशीच किल्ली ठरतो. प्रेक्षकांना तो माहीत असतो. प्रश्न आणि उत्तर एकाच ट्रॅकवर ठेवून दोन्हींवर एकच प्रक्रिया केली, तर ओळखीच्या आवाजावरून प्रमाण काढून अनोळखी आवाज उलगडता येतो. म्हणून खऱ्या मुलाखतीच्या वेळी प्रश्नांचा माइक वेगळा ठेवला, प्रश्नांना हात लावला नाही, ध्वनिमुद्रण बॅटरीवर केले आणि पंखा बंद ठेवला. मे महिन्यात, खानदेशात, पंखा बंद. त्या खोलीतल्या चौघांनाही ती दुपार विसरता येणार नाही.

दुसऱ्या प्रयत्नात पट्टी आणि पोकळी वेगवेगळी हलवली. त्यासाठी अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेले प्रात हे मोफत सॉफ्टवेअर वापरले. ध्वनी निवडून दिलेली आज्ञा एका ओळीची आहे:

```
Change gender: 75, 300, 1.12, 100, 0.7, 1
```

पहिले दोन आकडे पट्टी कोणत्या मर्यादेत शोधायची ते सांगतात. तिसऱ्याने फॉर्मंट १२ टक्के वर नेले, म्हणजे १७ सेंटिमीटरची नळी जणू १५ सेंटिमीटरची केली. चौथ्याने पट्टी मात्र उलट, खाली, १०० हर्ट्झवर आणली. पाचव्याने बोलण्यातले चढउतार सपाट केले, कारण वाक्याच्या शेवटी सूर कसा उचलला जातो, यावरूनही गाववाले माणूस ओळखतात. शेवटच्या एकने बोलण्याचा वेग तसाच ठेवला. ऐकताना हा आवाज राक्षसी वाटत नाही; कोणीतरी दुसराच, जरा कंटाळलेला माणूस बोलतो आहे, असे वाटते. फॉर्मंट २० टक्क्यांच्या पुढे नेऊन पाहिले, तेव्हा स्वर एकमेकांत मिसळू लागले. तिथून आम्ही मागे आलो.

एकच प्रमाण सगळ्या मुलाखतीला लावले, तर चिकाटीचा माणूस चाचपडत का होईना, तेही शोधू शकतो. म्हणून खऱ्या कामात प्रत्येक उत्तराला वेगळे आकडे दिले आणि हा बदल दृश्याच्या कटवर टाकला. २०२० साली सुरू झालेल्या व्हॉइसप्रायव्हसी चॅलेंज या संशोधकांच्या उपक्रमातही, हल्ला करणाऱ्याला पद्धत ठाऊक आहे, असे धरूनच आवाज लपवण्याच्या पद्धती तपासल्या जातात. आम्हीही तेच धरून चाललो.

तयार झालेला तुकडा त्या माणसाच्या संमतीने त्याच्या मेहुण्याला ऐकवला. मेहुण्याने त्याला दुसऱ्याच वाक्याला ओळखले. आवाजावरून नव्हे, प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला येणाऱ्या ‘कसं शे ना, भाऊ’ या पालुपदावरून. पट्टी बदला, पोकळी बदला, अहिराणी तिथेच राहते, आणि बोलताना मध्येच थांबण्याची ज्याची त्याची लकबही. ती पालुपदे आम्ही कापली. ज्या दोन उत्तरांत गाडीचा आणि दिवसाचा उल्लेख होता, ती मात्र शब्द लिहून काढून दुसऱ्या माणसाकडून प्रमाण मराठीत वाचून घेतली आणि तसे पडद्यावर लिहिले. त्यात बोलीची चव गेली, याची हळहळ वाटली. पण त्या दोन उत्तरांपुरता दुसरा उपाय आम्हाला दिसला नाही.

शेवटची चूक अंतिम फाइल तपासताना सापडली. हेडफोनचा डावा कान काढून फक्त उजव्या बाजूने ऐकले, तेव्हा बदललेल्या आवाजाच्या खाली अगदी क्षीण, पण स्पष्ट असा मूळ आवाज चालू होता. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकचा ट्रॅक संकलनात बंद करायचा राहिला होता. तो काढला, फाइल नव्याने बनवली आणि दोन्ही बाजू पुन्हा वेगवेगळ्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकल्या.

वर दिसलेली आज्ञा आणि तिच्यातले आकडे ध्वनिमुद्रकाच्या आवाजासाठीचे आहेत. त्या माणसाच्या उत्तरांना लावलेले आकडे या चित्रफितीत दिलेले नाहीत.