साका कोणामुळे पडला?

नमस्कार श्रोतेहो. देवगडच्या आम्हा दोन मित्रांनी एके वर्षी हापूसची बाग कराराने घेतली. त्याचे दोन लाख, माझा एक लाख. कागद नाही, नफा निम्मा-निम्मा एवढंच तोंडी. पेट्या पुण्याला गेल्या आणि आठवड्याभरात फोन सुरू झाले: आंबा बाहेरून देखणा, आत साका, म्हणजे गर पांढरा आणि स्पंजासारखा. पैसे परत करावे लागले.

मी म्हणालो, तू फळ झाडावर जास्त ठेवलंस. चौदा आणे तयार झालं की काढायचं असतं, पुढे साक्याचा धोका वाढतो. तो म्हणाला, टेंपोची वाट बघत तू क्रेट भर दुपारी कातळावर ठेवलेस, तापलेल्या जमिनीनं घात केला. खरं तर साका कापल्याशिवाय दिसत नाही, त्यामुळे कोणाच्या हातून किती फळ गेलं हे आता कोणीच सांगू शकत नाही. पण दोन वर्षं आम्ही तेच भांडत होतो. गणपतीत त्याच्या घरची आरती ऐकू यायची आणि मी ओटीवर बसून राहायचो.

शेवटी मीच वही घेऊन गेलो. दार वहिनींनी उघडलं. तो म्हणाला, "आंब्याचो विषय नको." मी म्हटलं, नको, फक्त हिशोब करूया.

धंद्याच्या खात्यात ९० हजार उरले होते. पेटीवाल्याचे ३० हजार आधी दिले, कारण बाहेरच्याचं देणं पहिलं. राहिले ६०. माझ्या मनात होतं, त्याला ४० आणि मला २०, घातलेल्या पैशांच्या प्रमाणात. पण १९३२ चा भागीदारी कायदा सांगतो, वेगळं ठरलं नसेल तर तोटा भागीदारांत समान. भांडवल कमी-जास्त असलं तरी. तीन लाखांतले दोन लाख चाळीस हजार बुडाले, म्हणजे प्रत्येकी एक लाख वीस. त्याला ८० हजार परत मिळायला हवे होते आणि माझ्याकडूनच वीस हजार निघत होते!

मला घाम फुटला, खरं सांगतो. दोन वर्षं मी स्वतःला लुबाडला गेलेला समजत होतो. तो बराच वेळ वहीकडे बघत बसला. मग म्हणाला, "फळ मी आठ दिवस उशिरा काढलंय, ह्या लिही." मी लिहिलं. खाली कातळाचं माझं मी लिहिलं. कोणत्या चुकीचे किती रुपये, ते मात्र लिहिलं नाही. तिथे पुन्हा भांडण झालं असतं.

वीस हजार मी चार हप्त्यांत दिले. तो 'रवांदे' म्हणाला होता, पण मी ऐकलं नाही. माफ केलेले पैसे जेवताना आठवतात.

एकत्र धंदा आम्ही परत केलेला नाही. यंदा गणपतीत मात्र मी दारात उभा राहिलो, तर त्यानं न बोलता झांजा माझ्या हातात दिल्या. ताल माझा नेहमीसारखा चुकला, आणि तो भर आरतीत ओरडला, "मेल्या, हळू!"