वर्गात पहिला आलाय, पण बेरीज येते का?

तर मंडळी, फळ्यावर दहा मुलांचे मार्क लिहिलेत. १५, १४, १३, १२, १२, ११, ११, १०, ९, ८. अपूर्णांकांच्या बेरजेची चाचणी, वीस प्रश्न, वीस मार्क, पहिले दहा प्रश्न समच्छेद आणि पुढचे दहा भिन्नच्छेद. आकडे मी उदाहरणासाठी बनवलेत, पण असा वर्ग तुम्ही बघितला असणारच.

आता याच मार्कांचा निकाल दोन प्रकारे लावू. पहिली पद्धत नॉर्म रेफरन्स्ड, म्हणजे प्रत्येक मुलाला बाकीच्या मुलांशी ताडून बघायचं. सरासरी येते साडेअकरा. १५ वाला पहिला, दहापैकी नऊ जण त्याच्या खाली, म्हणून त्याचा पर्सेंटाइल ९०. घरी कार्ड गेलं की सगळे खूश, आणि ८ वाल्याच्या घरी गप्प गप्प.

दुसरी पद्धत क्रायटेरिअन रेफरन्स्ड. हा शब्द चलनात आला तो रॉबर्ट ग्लेझर यांच्या १९६३ च्या एका लेखामुळे. यात शेजारच्या मुलाला किती पडले ते बघायचंच नाही, आधी ठरवायचं की बेरीज येते असं कधी म्हणायचं, समजा वीसपैकी १६ बरोबर आले तर, आणि मग प्रत्येकाला त्या रेषेशी ताडायचं. आता बघा फळ्याकडे. १६ कुणालाच नाहीत. म्हणजे ९० पर्सेंटाइलवाल्या मुलालाही अजून बेरीज पक्की येत नाही! मार्क तेच, पेपर तोच, आणि एक कार्ड म्हणतं पहिला, दुसरं म्हणतं अजून शिकवायचं बाकी आहे. दोन्ही खरं बोलतायत, फक्त प्रश्न वेगळे आहेत.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्या दोन १२ वाल्यांबद्दल. रँक सारखी, पर्सेंटाइल सारखा. पण पेपर उघडला तर एकाचे समच्छेदात १० पैकी १० आणि भिन्नच्छेदात फक्त २, दुसऱ्याचे ६ आणि ६. पहिला मुलगा १/२ + १/३ = २/५ लिहितोय, म्हणजे अंशात अंश मिळवतो आणि छेदात छेद. २/५ हे तर १/२ पेक्षाही लहान, बेरीज करून उत्तर कमी झालं हे त्याच्या लक्षातच येत नाहीये, आणि जे दोन बरोबर आलेत ते १/२ + १/४ सारखे, जिथे अर्धा म्हणजे दोन पाव हे त्याला डोळ्यासमोर दिसतं. दुसऱ्याची रीत दोन्हीकडे बरोबर आहे, छेद सारखे करतो, पण साधी बेरीज आणि पाढे चुकतात. एकाला छेद सारखे का करायचे ते पट्ट्या कापून दाखवायला हवं, दुसऱ्याला पाढ्यांचा सराव. दोघांना 'वर्गात चौथा' सांगून शिक्षकाच्या हातात काय आलं? काहीच नाही.

पुढे जाऊ. समजा महिनाभर नीट शिकवलं, तशीच चाचणी परत घेतली आणि सोयीसाठी धरू की प्रत्येकाचे बरोबर ५ मार्क वाढले. आता २०, १९, १८, १७, १७, १६, १६, १५, १४, १३. रँक? तीच. पर्सेंटाइल? तोच. सरासरीपासूनचं अंतरही तेच, कारण सरासरीसुद्धा ५ ने वर सरकली. पहिल्या पद्धतीच्या कार्डावर महिनाभराची मेहनत दिसतच नाही, आणि दुसरीत शून्याचे सात झाले.

म्हणून रँक टाकून द्या असं मी म्हणत नाही हां. जागा तीनच असतील आणि दहा जणांतून निवडायचे असतील तर क्रम लावावाच लागतो. आणि त्यासाठी पेपरही वेगळा काढतात, जो प्रश्न सगळ्यांनाच येतो तो क्रम लावायला निरुपयोगी म्हणून काढून टाकतात, आणि नेमका तोच कदाचित तुम्ही सगळ्यात चांगला शिकवलेला असतो. क्रमासाठी काढलेल्या पेपरवरून कुणाला काय येतं हे ठरवलं तर इथेच घोळ होतो.

आता तुम्ही विचाराल, हे १६ कुठून आणले? रास्त प्रश्न. विल्यम अँगॉफ यांच्या नावाने एक रीत आहे, १९७१ पासूनची. तीन-चार अनुभवी शिक्षक बसतात, ज्यांना जेमतेम येतं अशी शंभर मुलं डोळ्यासमोर आणतात आणि प्रत्येक प्रश्नाला विचारतात, यातल्या किती जणांना हा जमेल? ९० जणांना वाटलं तर ०.९, साठांना तर ०.६. वीस प्रश्नांचे आकडे मिळवायचे, शिक्षकांची सरासरी काढायची, ती तुमची रेषा. शेवटी हाही माणसांचाच अंदाज आहे, पण कशावरून काढला ते सांगता येतं.

आणि रेषा नुसत्या एकूण मार्कांवर ठेवू नका. आत्ता ज्या दोघांना १६ पडले, त्यातल्या एकाचे १० आणि ६ असू शकतात, म्हणजे तो पास, पण भिन्नच्छेद कच्चाच. मी तरी दोन्ही भागांत वेगवेगळे ८ मागतो. आणि १५ वाल्याला एका प्रश्नावरून नापास लिहिण्याआधी जो भाग कमी पडला त्याचे आणखी पाच-सहा नवे प्रश्न देऊन बघतो.