कोयना एक्सप्रेस, प्लॅटफॉर्म क्रमांक दोन

[दृश्य: कोल्हापूर स्थानक, सकाळ. प्लॅटफॉर्मचं छत, खांबावरचे कर्णे. स्थानिक आवाज.]

निवेदन:
मुंबईला जाणारी कोयना सकाळी कोल्हापुरातून सुटते. समजा, आज तिचा प्लॅटफॉर्म ऐनवेळी बदलला. गाडी एक नंबरला लागायची होती, ती दोनला लागणार आहे. लोक बॅगा घेऊन एक नंबरवर थांबलेत. त्यांना हे सांगायचंय, तेही मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत.

कार्यालयीन वळणाने लिहिलं, तर मजकूर साधारण असा होतो.

[पडद्यावर मजकूर. पाठीमागे कर्ण्यातून ऐकू येणारा आवाज.]

"गाडी क्रमांक अकरा हजार तीस, श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस कोल्हापूर येथून सुटून मिरज, सांगली, सातारा, पुणेमार्गे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस मुंबईकडे जाणारी कोयना एक्सप्रेस आज काही तांत्रिक कारणास्तव प्लॅटफॉर्म क्रमांक एकऐवजी प्लॅटफॉर्म क्रमांक दोनवरून सुटेल."

निवेदन:
कागदावर यात एकही चूक नाही. पण कर्ण्यातून बाहेर पडल्यावर त्याचं काय होतं, ते ऐका.

प्लॅटफॉर्मवर एकच कर्णा नसतो, ओळीने बरेच असतात. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. त्यामुळे एक कर्णा दुसऱ्यापेक्षा 34 मीटर लांब असेल, तर तोच शब्द तिकडून सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा पोचतो. वर पत्र्याचं छत, खाली फरशी, तिथूनही आवाज परततो. एका शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दावर पडत राहतं. यात स्वर टिकतात, कारण त्यांच्यात जोर असतो. स, श, फ, थ यांसारखी नाजूक व्यंजनं मात्र आधी हरवतात.

आता त्या वाक्यातली दोन टर्मिनस पाहा. कोल्हापूरच्या स्थानकाला शाहू महाराजांचं नाव आहे, मुंबईच्या स्थानकाला शिवाजी महाराजांचं. दोन्ही नावांत आधी "छत्रपती", शेवटी "महाराज टर्मिनस", आणि मधला वेगळा शब्द "श"नेच सुरू होतो. खांबाआड उभ्या असलेल्या माणसाला एकच नाव दोनदा ऐकू आल्यासारखं वाटतं. म्हणून आम्ही मसुदा करताना इथूनच सुरुवात केली. कोल्हापूरच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या माणसाला सुटणाऱ्या गाडीबद्दल सांगताना कोल्हापूरचं नाव लागत नाही. ते फलकावर पूर्ण आणि सन्मानाने आहेच. मुंबईचं मात्र लागतं, आणि तिथे शहराचं नाव आधी आलं पाहिजे.

[दृश्य: वही. "एकऐवजी" या शब्दावर काट.]

निवेदन:
पण खरा धोका "एकऐवजी" या शब्दात आहे. "ऐवजी" विरलं की कानावर "प्लॅटफॉर्म क्रमांक एक" एवढंच पडतं. "एक नंबरवरून सुटणार नाही" असं लिहूनही सुटका होत नाही. मराठीत "नाही" वाक्याच्या टोकाला येतं, आणि नेमकं त्याच वेळी शेजारी कुणीतरी ट्रॉली ओढत जातं. उरतं ते "एक नंबरवरून सुटणार". हिंदीत "नहीं" क्रियापदाच्या आधी येतं, म्हणून थोडं बरं. इंग्रजीतलं "नॉट" तर जेमतेम एका अक्षराचं.

तेव्हा जुना नंबर उच्चारायचाच नाही, तिन्ही भाषांत नाही. प्लॅटफॉर्म बदललाय एवढं सांगायचं आणि नवा नंबर द्यायचा.

[दृश्य: मसुद्याचं वाचन, एकेका वाक्यानंतर विराम.]

मराठी आवाज:
प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मुंबईची कोयना एक्सप्रेस. गाडी क्रमांक एक, एक, शून्य, तीन, शून्य. या गाडीचा प्लॅटफॉर्म बदलला आहे. आता प्लॅटफॉर्म क्रमांक दोन. कोयना एक्सप्रेस, प्लॅटफॉर्म क्रमांक दोन.

हिंदी आवाज:
यात्रीगण कृपया ध्यान दें। मुंबई जाने वाली कोयना एक्सप्रेस। गाड़ी संख्या एक, एक, शून्य, तीन, शून्य। इस गाड़ी का प्लेटफॉर्म बदल गया है। अब प्लेटफॉर्म क्रमांक दो। कोयना एक्सप्रेस, प्लेटफॉर्म क्रमांक दो।

इंग्रजी आवाज:
अटेन्शन प्लीज. कोयना एक्सप्रेस टू मुंबई. ट्रेन नंबर वन, वन, झीरो, थ्री, झीरो. द प्लॅटफॉर्म हॅज चेंज्ड. इट इज नाऊ प्लॅटफॉर्म नंबर टू. कोयना एक्सप्रेस, प्लॅटफॉर्म नंबर टू.

निवेदन:
पहिलं वाक्य माहितीचं नाही, ते गप्पा थांबवण्यासाठी आहे. त्यात काही हरवलं तरी बिघडत नाही. गाडीचा नंबर एकेक आकडा सुटा करून म्हटलाय. एकोणतीस आणि एकोणचाळीस, हिंदीतले उनतीस आणि उनतालीस, इंग्रजीतले थर्टीन आणि थर्टी, या जोड्या गोंगाटात एकमेकींच्या जागी ऐकू येतात. सुटे आकडे त्यामानाने सुरक्षित.

इंग्रजीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. "टू" या आकड्यानंतर लगेच दिशेचा "टू" आला, की आकडा गिळला जातो. म्हणून आकड्याशी वाक्य संपवलंय आणि गावाचं नाव आधीच सांगून टाकलंय.

तिन्ही भाषांत क्रम सारखाच आहे: आधी नाव, मग नंबर, शेवटी प्लॅटफॉर्म. कोल्हापूरच्या स्थानकावर अंबाबाईच्या दर्शनाला आलेला आणि हरिप्रियाने तिरुपतीकडे परतणारा माणूसही उभा असतो. त्याला मराठी येत नसेल, हिंदी अर्धवट कळत असेल. पण मराठीत "कोयना" हे नाव कानावर पडलं, की ही आपली गाडी नाही हे त्याला तेव्हाच कळतं. मराठी माणसाकडून प्लॅटफॉर्म निसटला, तर हिंदीत तो त्याच जागी पुन्हा सापडतो.

"होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" हे आम्ही या घोषणेतून काढलं. गाडीला उशीर असेल तेव्हा ते हवंच. पण इथे माणसाला चालायला लागायचंय, त्याच्या कानात शेवटी नंबर राहिला पाहिजे.

[दृश्य: संगणकावर ध्वनिमुद्रित तुकड्यांची रांग.]

निवेदन:
बऱ्याच घोषणा आधी मुद्रित केलेले तुकडे जोडून तयार होतात. मराठी लिहिणाऱ्याला इथे जास्त विचार करावा लागतो. हिंदीत "पुणे" आणि "सातारा" यांच्यापुढे "जाने वाली" लावलं की झालं. इंग्रजीत आधी "टू" पुरतो. मराठीत मात्र पुण्याला, साताऱ्याला, मिरजेला, नाव आतून बदलतं. नुसता "सातारा" आणि मागे वेगळा मुद्रित केलेला "ला" जोडला, तर कान अडखळतो आणि पुढचे दोन शब्द जातात. दोनच वाटा आहेत. प्रत्येक गावाचं विभक्तीसह रूप वेगळं मुद्रित करायचं, किंवा वाक्यच असं बांधायचं की नाव मूळ रूपात बसेल: "ही गाडी थांबेल. मिरज. सांगली. सातारा. पुणे." मला दुसरी वाट पटते. "दोनवरून" टाळून "प्लॅटफॉर्म क्रमांक दोन" एवढंच ठेवलं, तेही याच कारणाने.

[दृश्य: प्लॅटफॉर्मचं टोक. एक बाई कागदावर काहीतरी लिहून घेत आहेत.]

निवेदन:
मसुदा ठीक आहे की नाही, हे टेबलावर कळत नाही. ज्याने तो वाचलेला नाही, अशा माणसाला प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं करायचं, घोषणा एकदाच द्यायची आणि काय ऐकलं ते लिहायला सांगायचं. गाडी आणि प्लॅटफॉर्म, दोन्ही कागदावर आले पाहिजेत. प्लॅटफॉर्मची जागा कोरी राहिली, तर वेग कमी करायचा आणि विराम वाढवायचा. तिथे चुकीचा आकडा आला, तर मात्र वाक्यच बदलावं लागतं. कोरी जागा असलेला माणूस निदान कुणाला तरी विचारतो. चुकीचा आकडा लिहिलेला माणूस खात्रीने भलत्याच प्लॅटफॉर्मवर जाऊन थांबतो.

इंजिनाच्या भोंग्यापुढे कुठलंच वाक्य टिकत नाही. घोषणा माणूस स्वतः देत असेल आणि मध्येच भोंगा वाजला, तर त्याने थांबायचं, भोंगा संपू द्यायचा, आणि जे वाक्य कापलं गेलं तेवढंच पहिल्या शब्दापासून पुन्हा म्हणायचं. वाक्यं आखूड असली की हे जमतं. "आता प्लॅटफॉर्म क्रमांक दोन" पुन्हा म्हणायला काही सेकंद पुरतात.

[कर्ण्यातून घोषणा. माणसं बॅगा उचलून पुलाकडे निघतात.]